सावलीची हद्द

दोन लढवय्ये समोरासमोर उभे आहेत. काळ्या शाईची रेघ, सपाट रंग, गालावर एकाच छटेची धारदार सावली. जपानी ॲनिमेशनपट चालू आहे असंच कुणालाही वाटेल. मग त्यातला एक जण ठेवणीतला घाव घालतो आणि कॅमेरा त्याच्याभोवती गर्रकन फिरतो. कागदावरचं चित्र असं मागून बघता येत नाही. त्या क्षणी लक्षात येतं की ही माणसं कुणी चौकटीमागून चौकट रेखाटलेली नाहीत. ती संगणकात सर्व बाजूंनी घडवलेली त्रिमितीय मॉडेलं आहेत.

हा खेळ म्हणजे 2014 सालचा ‘गिल्टी गिअर एक्सआरडी’. योकोहामाच्या आर्क सिस्टिम वर्क्स या कंपनीचा. ही मालिका 1998 पासूनची, आणि तोवर तिच्यातल्या मारामारीच्या खेळांमधली पात्रं खरोखर हाताने काढलेली असायची. त्रिमितीत उतरताना त्यांची अट अशी होती की बघणाऱ्याला बदल कळताच कामा नये. पुढे याच कंपनीने ‘ड्रॅगन बॉल फायटरझी’ (2018) त्याच पद्धतीने केला. त्रिमितीय खेळाला हातच्या चित्राचं रूप देण्याच्या या तंत्राला टून शेडिंग किंवा सेल शेडिंग म्हणतात. ते काही योकोहामात जन्मलं नाही. सेगाचा ‘जेट सेट रेडिओ’ 2000 साली आला होता, निन्टेन्डोचा ‘विंड वेकर’ 2002 साली. पण एक्सआरडीच्या चमूने, विशेषतः त्यांचे तंत्र-कलाकार जुन्या मोतोमुरा यांनी, आपली रीत 2015 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये उघडपणे समजावून सांगितली. त्यामुळे आत काय चालतं हे आपल्याला नीट बघता येतं.

आधी ज्याची नक्कल करायची ते मूळ पाहू. जुन्या ॲनिमेशनमध्ये सेल म्हणजे सेल्युलॉइडचा पारदर्शक ताव. त्याच्या पुढच्या बाजूला शाईची रेघ असते आणि मागच्या बाजूने रंग भरलेला असतो. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी पळतो. जपानी मालिकांनी एकेक चित्र तीन तीन चौकटी टिकवून सेकंदाला आठ चित्रांवर काम भागवलं, तरी एका भागाला तावांचा ढीग लागायचाच. एवढ्या तावांवर गालाची मऊ, हळूहळू गडद होत जाणारी छाया कोण रंगवत बसणार? म्हणून प्रत्येक रंगाच्या दोनच बाटल्या ठेवायच्या, एक उजेडातली आणि एक सावलीतली. दोन्हींच्या मधे सरळ हद्द. आज आपण जिला शैली म्हणून डोक्यावर घेतो ती मुळात काटकसर होती. मात्र ती हद्द नेमकी कुठून न्यायची हे चित्रकार ठरवायचा, आणि सगळी गोम तिथेच आहे.

संगणकाला हद्द ठरवायला काय लागतं? शाळेत परावर्तन शिकताना आपण पृष्ठभागावर स्तंभिका काढतो. मॉडेलच्या प्रत्येक बिंदूला तशीच एक स्तंभिका जोडलेली असते. या धंद्यात तिला नॉर्मल म्हणतात. नॉर्मल आणि उजेडाची दिशा यांच्यातल्या कोनाचा कोसाइन काढला की त्या बिंदूवर किती प्रकाश पडतो ते कळतं. उजेड समोरून आला, म्हणजे कोन 0 अंश, की उत्तर 1. कोन 60 अंश झाला की 0.5, आणि 90 अंशांना शून्य. योहान लॅम्बर्टने अठराव्या शतकात मांडलेला हा नियम जवळजवळ सगळ्या खेळांच्या प्रकाशाच्या मुळाशी आहे. सर्वसाधारण खेळात हे उत्तर जसंच्या तसं रंगाला गुणतात आणि चेंडू मऊ, गोलसर दिसतो. टून शेडिंगमध्ये त्या उत्तराला पायरी लावायची:

```
float d = dot(N, L);
float s = step(0.5, d);
color = mix(shade, base, s);
```

पहिल्या ओळीत कोसाइन निघतो. दुसऱ्या ओळीत तो 0.5 किंवा त्याहून मोठा असेल तर 1, नाही तर 0. तिसऱ्या ओळीत त्यावरून उजेडातला किंवा सावलीतला रंग निवडला जातो. दोन सावल्या हव्या असतील तर आणखी एक पायरी घालायची, नाही तर पायऱ्यांची एक रंगपट्टी बनवून तिच्यातून रंग उचलायचा. पायरीची कड करवतीसारखी दातेरी दिसते. म्हणून `step` ऐवजी `smoothstep` वापरून एखाद्या पिक्सेलपुरता उतार देतात. एवढं केलं की चेंडू चित्रातला दिसायला लागतो. हौशी माणसाचं काम तासाभराचं.

आता त्या चेंडूच्या जागी माणसाचा चेहरा ठेवा. इथे बहुतेकांची निराशा होते.

गालाचा एक पसरट भाग घ्या. तिथे सगळ्या नॉर्मल जवळपास एकाच दिशेला असतात. समजा उजेडाशी त्यांचे कोन 57 ते 63 अंशांच्या मधे आहेत. कोसाइन 0.545 पासून 0.454 पर्यंत येतो. साध्या शेडिंगमध्ये हा फरक इतका किरकोळ की डोळ्याला जाणवणारही नाही. पण आपली पायरी 0.5 वर आहे, म्हणजे बरोबर या गालाच्या मधोमध. अर्धा गाल पूर्ण उजेडात, अर्धा पूर्ण सावलीत. पात्राने मान तीन अंश वळवली की हद्द मधून सरकून थेट गालाच्या कडेला जाते. शिवाय मॉडेल हजारो त्रिकोणांचं असतं आणि त्यांच्या नॉर्मलमध्ये अंशा-दोन अंशांचा खडबडीतपणा राहतोच. मऊ शेडिंग तो झाकतं, पायरी तो उघडा पाडते. ओठांच्या कोपऱ्यात काळं बेट उगवतं, नाकाशेजारी त्रिकोणी ठिगळ दिसतं, आणि पात्र हललं की ही ठिगळं वळवळतात. तयार मिळणारा टून शेडर मॉडेलला चिकटवल्यावर जे प्लॅस्टिकचं, किंचित आजारी रूप येतं त्याचं कारण हेच. गणितात काही चुकलेलं नसतं. चेहऱ्याच्या आकाराप्रमाणे सावली जिथे पडायला हवी तिथेच ती पडते. फक्त चित्रकाराने ती तिथे कधीच काढली नसती.

चित्रकार नाकाची सावली एका छोट्या त्रिकोणात संपवतो, गालाला एकच वळणदार रेघ देतो, हनुवटीखाली मान गडद करतो आणि बाकीचं सोडून देतो. म्हणून योकोहामाच्या चमूने सर्वांत जास्त हात फिरवला तो नॉर्मलवर. नॉर्मल ही बिंदूला जोडलेली एक दिशा आहे. ती पृष्ठभागाला खरोखर काटकोनातच असली पाहिजे अशी संगणकाची काही सक्ती नाही. तुम्ही ती वाकडी केलीत तर आकार तसाच राहतो आणि प्रकाशाचा हिशेब मात्र वाकड्या दिशेने होतो. गालावरच्या सगळ्या नॉर्मल सारख्या करून टाकल्या की गाल एकदम उजळतो किंवा एकदम सावलीत जातो, मधे ठिगळ पडत नाही. केसांच्या बटा आणि कपड्यांच्या चुण्यांसाठी साध्या गोलसर आकाराच्या नॉर्मल त्यांच्यावर उतरवायच्या. मग बटा शंभर असल्या तरी सावली डोक्यावर एका घडीव वळणाने पडते. चेहऱ्यासाठी असा आडमार्ग पुरत नाही. तिथे बिंदू बिंदू हाताने वळवत, उजेड फिरवून बघत बसावं लागतं.

त्यावर आणखी एक मुभा त्यांनी घेतली. पायरी सगळीकडे 0.5 वरच का असावी? प्रत्येक बिंदूला रंगाच्या आकड्यांतून एक खूण देऊन ठेवली की इथे सावली लवकर येऊ दे, तिथे उशिरा. हनुवटीखाली, बगलेत, कॉलरच्या आत कल असा दिला की उजेड कुठूनही आला तरी तिथे बहुधा सावलीच राहावी. सावलीचा रंगही मूळ रंगात काळं मिसळून आलेला नसतो. त्याच्यासाठी वेगळं चित्र रंगवलेलं असतं. त्यामुळे कातडीची सावली तांबूस पडते, पांढऱ्या कापडाची निळसर, आणि प्रत्येक वस्तूला तिची दुसरी बाटली परत मिळते.

पण उजेड स्वतःच नको तिथून आला तर? रंगमंचावर एक दिवा आणि त्याखाली दोन पात्रं असतील तर डावीकडच्याचा चेहरा उजळतो आणि त्याच्याकडे तोंड करून उभा असलेला काळवंडतो. एक्सआरडीत प्रत्येक पात्राला स्वतःचा खासगी दिवा आहे. त्याचा पार्श्वभूमीतल्या उजेडाशी संबंध नाही, आणि तो पात्राच्या हालचालीबरोबर हाताने हलवलेला आहे. हात वर गेला, मान झुकली की त्या पोझला शोभेल तिथे दिवा सरकतो. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला हे बघून घेरी येईल. बघणाऱ्याला मात्र खटकत नाही, कारण चित्रात सावलीकडून आपण खरेपणाची अपेक्षा करतच नाही, ती देखणी असली की पुरते.

आता रेघेकडे वळू. काळी बाह्यरेषा काढायची सगळ्यांत चलती असलेली युक्ती ऐकायला विचित्र आहे: मॉडेल दोनदा काढायचं. दुसऱ्या वेळी त्याचा प्रत्येक बिंदू नॉर्मलच्या दिशेने किंचित बाहेर ढकलायचा, सगळं काळं रंगवायचं, आणि आपल्याकडे तोंड करून असलेले त्रिकोण गाळून टाकायचे. पात्राला काळ्या कापडाची जराशी मोठी खोळ घातली आणि तिचा आपल्या बाजूचा अर्धा भाग कापून काढला, असं समजा. मागचा अर्धा पात्राच्या आड लपतो आणि खोळ मोठी असल्यामुळे कडेने तेवढी डोकावते. ती डोकावणारी पट्टी म्हणजे आपली रेघ. कॅमेरा फिरला की पात्राची कड बदलते, आणि रेघ आपसूक तिच्याबरोबर जाते.

या खोळीचे दोष ठरलेले आहेत. पहिला कोपऱ्यांचा. पेटीसारख्या वस्तूच्या कोपऱ्यावर तीन बाजू भेटतात आणि प्रत्येक बाजूची नॉर्मल वेगळी असते. बाजू आपापल्या दिशेने बाहेर सरकल्या की खोळ शिवणीवर उसवते आणि रेघ नेमकी कोपऱ्यावर तुटते. एखाद्या खेळात तलवारीच्या टोकाशी किंवा इमारतीच्या काठाशी रेघेला खिंड पडलेली दिसली तर कारण हेच समजावं. उपाय म्हणजे तिन्ही नॉर्मलची सरासरी काढून ती फक्त रेघेसाठी वेगळी साठवणं. नाही तरी सावलीसाठी वाकवलेल्या नॉर्मल रेघेच्या कामाला भरवशाच्या उरत नाहीतच. दुसरा दोष अंतराचा. ढकलण्याचं माप कायम ठेवलं तर पात्र दूर गेल्यावर रेघ पिक्सेलहून बारीक होऊन लुकलुकते, आणि जवळून पाहिलं की कोळशाने ओढल्यासारखी जाड होते. अंतराप्रमाणे माप वाढवून पडद्यावरची जाडी अगदी एकसारखी केली तर लांबचं छोटं पात्र रेघांतच बुडून काळा गोळा होतं. चांगले खेळ दोन्हींच्या मधे कुठेतरी थांबतात, आणि ते मधलं माप नजरेनेच ठरतं.

दुसरी पद्धतही आहे. चित्र पुरं झाल्यावर शेजारशेजारच्या पिक्सेलांचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर ताडून बघायचं आणि जिथे एकदम उडी दिसेल तिथे रेघ मारायची. यात मॉडेल दोनदा काढावं लागत नाही आणि सगळ्या देखाव्याला एका झटक्यात रेघा मिळतात. पण दूरवर पसरत जाणारी जमीन तिरकस दिसते, तिच्यावर शेजारच्या पिक्सेलांमध्येही अंतराची उडी असते, आणि मग क्षितिजाजवळ काळा डाग पसरतो. याहून मोठी अडचण म्हणजे रेघेवर चित्रकाराचा ताबा राहत नाही. ब्रशची रेघ जबड्याखाली जाड असते, गालाच्या टोकाशी निमुळती होत विरते. एक्सआरडीने खोळ पसंत केली ती यासाठीच, कारण प्रत्येक बिंदूला रेघेच्या जाडीचा आकडा देता येतो. नको तिथे शून्य दिलं की रेघ नाहीशी.

खोळ फक्त बाहेरची कड देते. पोटाच्या स्नायूंच्या, कपड्यावरच्या शिवणीच्या, पट्ट्याच्या आतल्या रेघा तिच्यातून निघत नाहीत. त्या पोतावर, म्हणजे मॉडेलला गुंडाळलेल्या चित्रावर काढाव्या लागतात. पण पोत हे पिक्सेलांचं चित्र. कॅमेरा नाकाशी आला की तिरक्या रेघेला जिन्यासारखे दाते दिसतात. मोतोमुरांचा यावरचा उपाय मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत हुशार वाटतो. पोतावर तिरकी रेघ काढायचीच नाही. सगळ्या रेघा सरळ आडव्या किंवा उभ्या, पिक्सेलांच्या ओळींना धरून. मॉडेलचा पृष्ठभाग पोतावर पसरतानाच असा ताणायचा की अंगावर वळणारी रेघ पोतावर सरळ येईल. सरळ रेघ कितीही मोठी केली तरी तिला दाते फुटायला जागाच नसते. पोत उघडून पाहिलं तर त्यात चौकटी आणि पट्ट्यांचं विचित्र जाळं दिसतं, कसलंच चित्र ओळखू येत नाही. तेच जाळं अंगावर चढलं की ब्रशने ओढल्यासारख्या निमुळत्या रेघा उमटतात. कारण रेघेची जाडी पट्टीच्या कडेजवळचे मॉडेलचे बिंदू थोडे इकडेतिकडे सरकवून ठरवलेली असते.

सावली आणि रेघ जमूनही एक गोष्ट चोरी उघडी पाडते, ती म्हणजे हालचाल. त्रिमितीय खेळात दोन पोझ दिल्या की मधल्या पोझ संगणक स्वतः भरतो आणि हात तेलावर सरकल्यासारखा जातो. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये तो गुळगुळीतपणा कधीच नव्हता. म्हणून एक्सआरडीत हे मधलं भरणं बंद आहे. खेळ सेकंदाला 60 चौकटींनी चालतो, पण पात्राची पोझ दोन-तीन चौकटी तशीच थिजते आणि मग एकदम पुढच्या पोझवर उडी घेते. प्रत्येक पोझ हाताने लावलेली. ठोसा कॅमेऱ्याकडे आला तर मूठ खरोखर मोठी करतात, जबडा ताणतात, कारण चित्रकारानेही तेच केलं असतं. बटणाला मिळणारा प्रतिसाद मात्र 60 चौकटींच्या वेगानेच राहतो. मारामारीच्या खेळात तिथे तडजोड केली असती तर खेळाडूंनी माफ केलं नसतं.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. मारामारीच्या खेळात कॅमेरा बहुतेक वेळ एकाच बाजूने बघतो, पात्रं मोजकी असतात आणि प्रत्येक चाल आधी ठरलेली असते. म्हणून दिवा हाताने हलवणं परवडतं. मोकळ्या मैदानात भटकण्याच्या खेळात सूर्य उगवतो आणि मावळतो, खेळाडू कुठेही तोंड करून उभा राहतो. तिथे खासगी दिवा ठेवला तर मावळतीला पाठ करून उभ्या माणसाचा चेहरा लखलखीत दिसेल, आणि ते मात्र खटकेल.

‘गेनशिन इम्पॅक्ट’ (2020) सारख्या खेळांतून पुढे आलेली रीत अशी की चेहऱ्यापुरता नॉर्मलचा हिशेबच सोडून द्यायचा. चित्रकार उजेड समोर असताना, थोडा बाजूला असताना, आणखी बाजूला असताना, अशा काही टप्प्यांच्या सावल्या हाताने काढून देतो. त्यांच्यातून मधले टप्पे काढून एक करडं चित्र तयार करतात. त्यात प्रत्येक पिक्सेलचा करडेपणा म्हणजे उजेड किती वळल्यावर ती जागा सावलीत जायची त्याचा आकडा. खेळ चालू असताना सूर्य चेहऱ्याच्या किती बाजूला आहे एवढंच मोजायचं आणि त्या आकड्याशी ताडून बघायचं. चेहरा डावा-उजवा सारखा असल्याने एकच चित्र उलटवून दोन्ही बाजूंना चालतं. सावली गालावरून सरकते तीही चित्रकाराने आखलेल्या वाटेने. मात्र हा हिशेब फक्त आडव्या फिरणाऱ्या उजेडाचा आहे. पायाशी शेकोटी पेटवली आणि उजेड खालून वर आला तर त्या करड्या चित्रात त्याला उत्तर नाही. तेव्हा चेहरा आपली नेहमीची बाजूचीच सावली धरून बसतो.